कन्व्हेयरवरच्या प्रॉक्सी सेन्सरचं आउटपुट लुकलुकतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मेंटेनन्सच्या लोकांसाठी आहे. इथली सगळी उत्तरं एकाच प्रकारच्या सेन्सरबद्दल आहेत: २४ व्होल्ट डीसीवर चालणारा, तीन वायरचा, पीएनपी आउटपुटचा इंडक्टिव्ह प्रॉक्सी. आपल्याकडच्या कन्व्हेयरवर बहुतेक ठिकाणी तोच दिसतो. तपकिरी वायर प्लस, निळी मायनस, काळी आउटपुट. उदाहरणं एम१८ साइजच्या सेन्सरची घेतली आहेत. तुमचा एम१२ किंवा एम३० असेल तर आकडे बदलतील, तपासायची पद्धत तीच राहील.

एलईडी लुकलुकतो म्हणजे सेन्सर गेला ना? बदलून टाकू का?

थांबा. मी पाहिलेल्या तक्रारींत सेन्सर खरोखर खराब निघाल्याची उदाहरणं थोडी आहेत. बिघडलेला सेन्सर बहुतेक वेळा कायमचा ऑन तरी राहतो, नाहीतर कायमचा ऑफ. लुकलुकणारा सेन्सर सहसा चांगला असतो. त्याला पॅलेटवरची धातूची पट्टी धड दिसत नसते, सप्लाय धड मिळत नसतो, किंवा वायरमधून भलतंच काही येत असतं.

सेन्सर बदलल्यावर लाइन सुरळीत चालते हेही खरं, आणि घोटाळा तिथेच होतो. नवा सेन्सर बसवताना आपण चेकनट सैल करतो, सेन्सर पुढे घेतो आणि पट्टीच्या जरा जवळच लावतो. कनेक्टर काढून परत घट्ट बसतो. म्हणजे अंतर कमी झाल्यामुळे किंवा कनेक्शन नीट झाल्यामुळे फॉल्ट जातो आणि श्रेय नव्या सेन्सरला मिळतं. दोन महिन्यांनी पट्टी थोडी वाकते आणि तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. जुना सेन्सर तोवर भंगारात गेलेला असतो.

मग सुरुवात कुठून करायची?

आधी दोन दिवे बघा: एक सेन्सरच्या पाठीवरचा, दुसरा पीएलसीच्या इनपुट कार्डावरचा. शक्य असेल तर एक माणूस सेन्सरपाशी उभा करा आणि एक पॅनेलपाशी.

सेन्सरचाच दिवा लुकलुकत असेल, तर सेन्सर स्वतःच निर्णय बदलतोय. कारण अंतरात, कंपनात, सेन्सरच्या जागी पोचणाऱ्या सप्लायमध्ये किंवा सैल कनेक्टरमध्ये असतं. सेन्सरचा दिवा स्थिर आणि पीएलसीचा मात्र लुकलुकतो, असं असेल तर सेन्सर आपलं काम चोख करतोय. तिथे सप्लायचा रिपल, काळ्या वायरचा जोड किंवा केबलमध्ये शिरणारा नॉइज शोधायचा.

एक सावधगिरी. आपल्या डोळ्याला सेकंदाला शंभर वेळा होणारी उघडझाप दिसत नाही. तसा दिवा नुसता मंद दिसतो. म्हणून इनपुटचा दिवा शेजारच्या दिव्यांपेक्षा फिका वाटत असेल, तर तोही लुकलुकतोय असंच धरा.

त्यानंतर अडकवलेल्या पट्टीची चाचणी करा. लाइन बंद करा, मेन आयसोलेटरला कुलूप लावा. एमएसचा एक तुकडा सेन्सरच्या तोंडासमोर साधारण १ मि.मी. अंतरावर घट्ट बांधा, प्लास्टिकच्या टायने किंवा टेपने. हात बाहेर, गार्ड बंद, मग लाइन रिकामी चालवा. पट्टी हलत नाही आणि अंतरही भरपूर कमी आहे, तेव्हा आउटपुट सलग ऑन राहायला हवं. तसं राहिलं तर संशय अंतरावर आणि कंपनावर जातो. इथेही लुकलुकलं तर अंतराचा प्रश्न मिटला आणि शोध विजेच्या बाजूला वळला.

आता तोच तुकडा सेन्सर जेमतेम ऑन होईल इतक्या अंतरावर बांधा आणि लाइन बंद ठेवून फक्त कंट्रोल सप्लाय द्या. काहीच हलत नसताना काठावरचा सेन्सर लुकलुकला, तर सप्लायकडे बघायलाच हवं. ही दुसरी पायरी लोक करत नाहीत. दहा मिनिटांचं काम आहे, पुढचे दोन दिवस वाचतात.

डेटाशीटवर ५ मि.मी. लिहिलंय. आम्ही साडेचारवर लावलाय. मग चूक काय?

५ मि.मी. हे नाममात्र अंतर आहे. आयईसी ६०९४७-५-२ या मानकात ते ठरावीक पट्टी समोर धरून सांगितलेलं असतं. ती पट्टी साध्या पोलादाची, चौकोनी, १ मि.मी. जाडीची असते. तिची बाजू सेन्सरच्या तोंडाचा व्यास किंवा नाममात्र अंतराची तिप्पट, यांत जे मोठं असेल तितकी. एम१८ फ्लश सेन्सरसाठी ती १८ बाय १८ मि.मी. येते. तुमची पट्टी याहून अरुंद असेल तर अंतर तिथेच घटलं.

शिवाय एका सेन्सरपासून दुसऱ्यापर्यंत १० टक्के इकडेतिकडे चालतं, आणि तापमान व व्होल्टेज बदलल्यावर आणखी १० टक्के. दोन्ही वाईट बाजूला गेले तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१ उरतं. म्हणून भरवशाचं अंतर नाममात्र अंतराच्या ८१ टक्के मानतात. ५ मि.मी.च्या सेन्सरला ते ४.०५ मि.मी. होतं. साडेचारवर लावलेला सेन्सर या हद्दीच्या बाहेर आहे. आज चालतोय, पण उन्हाळ्यात शेड तापल्यावर किंवा पुढच्या वेळी सेन्सर बदलल्यावर चालेलच याची खात्री नाही.

कन्व्हेयरवर मी निम्म्यावर लावतो, म्हणजे अडीच ते तीन मि.मी. याहून जवळ नेलं तर साखळी झोल खाते तेव्हा पट्टी सेन्सरच्या तोंडावर आदळते, आणि प्लास्टिकचं तोंड एकदा तडकलं की आत ऑइल जातं.

अंतर मोजताना एक चूक सगळीकडे दिसते. समोर जे पॅलेट आलेलं असतं त्याच्यावर फीलर गेज लावतात आणि समाधान मानतात. लाइनवर चोवीस पॅलेट असतील तर चोवीसही मोजायला हवीत. फॉल्ट देणारी पट्टी त्यातली एक किंवा दोनच असते. पॅलेटवर खडूने नंबर टाका आणि प्रत्येकाचं अंतर वहीत लिहा.

काठावर असलेला सेन्सर लुकलुकतो का? एकदा ऑन झाल्यावर तो ऑनच राहायला हवा ना?

त्यासाठीच सेन्सरमध्ये हिस्टेरिसिस ठेवलेला असतो. पट्टी जवळ येताना सेन्सर समजा ४.६ मि.मी.वर ऑन होतो, आणि लांब जाताना ५ मि.मी.वर ऑफ. मधले ०.४ मि.मी. म्हणजे त्याची सहनशक्ती. मानकाप्रमाणे हा फरक प्रत्यक्ष अंतराच्या २० टक्क्यांपर्यंत असू शकतो, पण बऱ्याच सेन्सरमध्ये त्याहून पुष्कळ कमी असतो.

पॅलेट सेन्सरसमोर येताना जर अर्धा मि.मी. थरथरत असेल, तर ते ०.४ मि.मी.चा हा टप्पा सहज ओलांडतं. जवळ गेलं की ऑन, लांब गेलं की ऑफ. एका पॅलेटचे तीन मोजले जातात. तेच पॅलेट २.५ मि.मी.वरून जात असतं तर अर्ध्या मि.मी.च्या थरथरीने काही बिघडलं नसतं. ते ३ मि.मी.पर्यंत गेलं असतं, आणि ३ म्हणजे हद्दीच्या बरंच आत.

लुकलुकण्यासारखं दिसणारं आणखी एक कारण असतं, ते वेगळं ओळखा. पट्टीत बोल्टचं भोक असेल किंवा दोन तुकडे वेल्ड करून मध्ये फट राहिली असेल, तर सेन्सर खरोखरच दोन वेळा पट्टी बघतो. अशा वेळी दर खेपेला त्याच पॅलेटवर बरोबर दोनच पल्स येतात. थरथरीमुळे येणाऱ्या पल्सची संख्या दर वेळी बदलते.

आमची पट्टी स्टेनलेसची आहे. फरक पडतो?

पडतो. नाममात्र अंतर साध्या पोलादासाठी असतं. इतर धातूंसाठी डेटाशीटमध्ये गुणक दिलेला असतो. स्टेनलेससाठी तो साधारण ०.७च्या आसपास आणि ॲल्युमिनियमसाठी ०.४च्या आसपास असतो, पण तुमच्या सेन्सरचा आकडा त्याच्याच कागदावरून घ्या. ०.७ धरला तर ५ मि.मी.चे ३.५ होतात आणि भरवशाचं अंतर २.८. ॲल्युमिनियमला तर १.६ मि.मी.च उरतं. तिथे सरळ एमएसची छोटी पट्टी स्क्रूने लावून घ्यावी.

नॉन-फ्लश सेन्सर लोखंडी क्लॅम्पमध्ये तोंडापर्यंत आत बसवला तर चालेल का?

नाही. तो बाजूचं लोखंडही बघतो. मग एकतर कायम ऑन राहतो किंवा नेहमीच काठावर असतो. डेटाशीटमध्ये तोंडाच्या आजूबाजूला किती मोकळी जागा हवी ते दिलेलं असतं, ती सोडा.

सप्लायचा रिपल किती चालतो?

त्याच मानकाप्रमाणे आणि बहुतेक डेटाशीटप्रमाणे १० टक्के, शिखरापासून दरीपर्यंत मोजून. २४ व्होल्टवर ते २.४ व्होल्ट होतात.

चांगल्या रेग्युलेटेड एसएमपीएसवर रिपल याच्या आसपासही जात नाही. प्रश्न येतो तो जुन्या पॅनेलमध्ये, जिथे ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर २४ व्होल्ट बनवलेले असतात. ब्रिजनंतर व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा वर जातं आणि खाली येतं. दोन शिखरांच्या मधल्या काळात लोड कपॅसिटरमधून करंट ओढत राहतो, तेवढं व्होल्टेज उतरतं. किती उतरेल त्याचा ठोकताळा सोपा आहे:

```
ΔV = I / (f × C)
```

४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ अँपिअर लोड असेल तर १ ÷ (१०० × ०.००४७), म्हणजे साधारण २.१ व्होल्ट. हद्दीच्या आत. पण लाइनवर पुढे चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह वाढले आणि लोड अडीच अँपिअर झाला, तर तेच ५.३ व्होल्ट होतात. कपॅसिटर ठणठणीत असूनही रिपल दुपटीच्या वर जातो. आणि कपॅसिटर जुना होऊन सुकला असेल तर हाच आकडा आणखी चढतो. सूत्र थोडं जास्तीचं उत्तर देतं, कारण चक्राचा काही भाग कपॅसिटर भरण्यात जातो. पण निदानासाठी एवढं पुरेसं आहे.

नुकसान दरीमुळे होतं. पीएनपी आउटपुट म्हणजे सप्लाय वजा सेन्सरमध्ये पडणारे एक-दोन व्होल्ट. दरीच्या तळाशी सप्लाय १६ व्होल्ट असेल तर पीएलसीला १४ मिळतात. टाइप १ डिजिटल इनपुट १५ व्होल्टच्या वर ऑन आणि ५च्या खाली ऑफ, याचीच हमी देतं. मधल्या पट्ट्यात कार्ड काय समजेल ते कार्डावर अवलंबून आहे. सेन्सरचा दिवा स्थिर आणि इनपुट लुकलुकतं, त्याचं हे नेहमीचं कारण.

आमच्याकडे ऑसिलोस्कोप नाही. मल्टिमीटरने रिपल कळेल?

ट्रान्सफॉर्मर-ब्रिजच्या सप्लायवर नक्की कळेल. मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि तपकिरी व निळ्या वायरवर लावा. पॅनेलमध्ये नाही, सेन्सरच्या कनेक्टरपाशी. लाइन पूर्ण लोडवर, व्हॉल्व्ह चालू असताना. जे वाचाल त्याला साडेतीनने गुणा. रिपलचा आकार करवतीच्या दातासारखा असतो, म्हणून हा गुणक. मीटरवर ०.६ आले तर २.१ व्होल्ट, ठीक आहे. ०.७च्या वर गेलं की हद्द ओलांडली.

त्याआधी मीटर तपासून घ्या. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीही मोजतात. ९ व्होल्टची बॅटरी एसी रेंजवर लावून बघा. शून्य आलं पाहिजे. दहा-वीस व्होल्ट दाखवले तर त्या मीटरने रिपल मोजू नका.

एसएमपीएसचा स्विचिंग नॉइज मात्र साध्या मीटरला दिसत नाही, तो फार वेगवान असतो. त्याला स्कोपच लागतो. स्कोपचा क्लिप आतून अर्थला जोडलेला असतो हे लक्षात ठेवा. पॅनेलमध्ये २४ व्होल्टची मायनस बाजू अर्थ केलेली असताना क्लिप प्लसवर लावलात, तर थेट शॉर्ट होतो.

रिपल नाही, पण व्हॉल्व्ह ऑन किंवा ऑफ झाला की इनपुट उडतं. ते का?

ती व्होल्टेजची डुबकी किंवा कॉइलचा झटका असतो. व्हॉल्व्ह ऑन होतानाच उडत असेल तर सप्लाय लहान पडतोय किंवा लांबच्या बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतंय. ऑफ होताना उडत असेल तर कॉइलवर डायोड आहे का ते बघा. डीसी कॉइलवर उलटा डायोड नसेल तर ती सुटताना मोठा झटका देते. डायोड असलेला कनेक्टर लावला की बऱ्याचदा काम होतं.

केबलची शील्ड एका बाजूला अर्थ करायची की दोन्ही बाजूंना?

सेन्सरच्या केबलची शील्ड मी पॅनेलच्या बाजूला अर्थ करतो आणि सेन्सरच्या बाजूला कापून, स्लीव्ह घालून मोकळी सोडतो. कारण असं. पॅनेलची अर्थिंग आणि तीस-चाळीस मीटर लांबची कन्व्हेयरची फ्रेम यांच्या पोटेन्शियलमध्ये थोडा फरक असतोच. शील्ड दोन्हीकडे जोडली की तिच्यातून करंट वाहायला लागतो. ज्या शील्डने आतल्या वायरचं रक्षण करायचं, तीच ५० हर्ट्झची करंटवाहक होते.

याला दुसरी बाजूही आहे. ड्राइव्हसारखा जास्त फ्रिक्वेन्सीचा नॉइज अडवायला दोन्हीकडे अर्थ केलेली शील्ड जास्त चांगली. पण त्यासाठी पॅनेल आणि मशीनची फ्रेम जाड बाँडिंग वायरने एकमेकांना पक्की जोडलेली हवी. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या शेडमध्ये ती नसते, म्हणून मी एका टोकाची पद्धत सुचवतो. तुमच्या कारखान्यात बाँडिंग चांगलं असेल आणि ड्राइव्ह शेजारी असेल, तर दोन्ही टोकांचं करून बघायला हरकत नाही.

मोटारच्या केबलला हे लागू नाही. ड्राइव्हपासून मोटारपर्यंतच्या केबलची शील्ड दोन्ही टोकांना, आणि शक्यतो पूर्ण गोल क्लॅम्पने अर्थ करायची. त्या केबलमधून नॉइज बाहेर पडू नये हा तिचा उद्देश आहे.

आम्ही एकाच बाजूला जोडली आहे, तरी शील्डमध्ये करंट सापडतो. कसं शक्य आहे?

एम१२ कनेक्टर बघा. शील्डेड तयार केबलमध्ये शील्ड पुष्कळदा कनेक्टरच्या धातूच्या नटाला जोडलेली असते. तो नट सेन्सरच्या धातूच्या बॉडीवर बसतो, बॉडी क्लॅम्पमध्ये आणि क्लॅम्प फ्रेमवर. तुम्ही काही जोडलं नसलं तरी दुसरं टोक आपोआप अर्थ झालं.

तपासायला पॅनेलमधून शील्ड सोडा आणि शील्ड ते अर्थ कंटिन्युइटी बघा. बीप वाजला तर दुसरीकडे कुठेतरी जोड आहे. मग कनेक्टर सेन्सरवरून काढून पुन्हा बघा. बीप गेला तर जोड तिथेच होता. अशा जागी प्लास्टिकच्या नटाची किंवा शील्ड नटाला न जोडलेली केबल वापरा.

पॅनेलच्या टोकाचीही एक गोष्ट. शील्डची वेणी वळून तिची सहा इंच लांब शेपटी करतात आणि ती लांबच्या अर्थ बसवर नेतात. वेगवान नॉइजसाठी ती शेपटी जवळजवळ निरुपयोगी आहे. केबल आत येते तिथेच वरचं आवरण इंचभर सोला आणि शील्डवर धातूचा क्लॅम्प दाबून तो रंग खरवडलेल्या माउंटिंग प्लेटवर बसवा.

शील्डच दोषी आहे हे नक्की कसं ठरवायचं?

तात्पुरती केबल टाकून. साधी तीन कोअरची केबल सेन्सरपासून पॅनेलपर्यंत जमिनीवरून, ट्रेपासून दूर न्या आणि अर्धा तास लाइन चालवा. लोकांच्या वाटेत येत असेल तर टेपने चिकटवा आणि त्या वेळेपुरता माणूस उभा करा. लुकलुकणं गेलं तर ट्रेमधला मार्ग किंवा जुनी केबल दोषी. तसंच राहिलं तर शील्डवर वेळ घालवू नका.

नॉइजची आणखी एक खूण आहे. ड्राइव्ह बंद असताना सगळं शांत, आणि ड्राइव्ह चालू झाला की सेन्सरसमोर पट्टी नसतानाही इनपुट मधूनच ऑन होतं. पट्टी नसताना येणारे पल्स अंतरामुळे कधीच येत नाहीत. बहुतेक वेळा सेन्सरची केबल मोटारच्या केबलबरोबर त्याच ट्रेमध्ये बांधलेली सापडते. दोन्हींमध्ये निदान एक फूट, जमलं तर दीड फूट अंतर ठेवा, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

प्रत्यक्षात हे कसं उलगडतं? एखादं उदाहरण सांगा.

पुण्याजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातला साखळीचा कन्व्हेयर. चोवीस पॅलेट, प्रत्येकाला एमएसची ६० मि.मी. रुंद पट्टी, एक एम१८ फ्लश पीएनपी सेन्सर मोजणी करतो. दुसऱ्या शिफ्टला मोजणी प्रत्यक्षापेक्षा जास्त यायची. माझ्याकडे काम आलं तोवर सेन्सर दोनदा बदलून झाला होता, आणि सगळ्यांचं बोट शील्डकडे होतं.

आधी दोन दिवे बघितले. पॅलेट सात आणि पॅलेट एकोणीस येताना सेन्सरचाच दिवा फडफडत होता. बाकी वेळा सेन्सरचा दिवा स्थिर, पण मधूनच इनपुटचा दिवा फिका पडत होता. म्हणजे दोन वेगळे फॉल्ट एकत्र होते. एवढं लक्षात आलं नसतं तर आम्ही एक दुरुस्त करून दुसऱ्यावर हैराण झालो असतो.

फीलर गेजने चोवीस पट्ट्या मोजल्या. बावीस पट्ट्या ३ ते ३.५ मि.मी.मध्ये होत्या. सात नंबरची ४.८ आणि एकोणीसची ४.६. दोन्ही वाकलेल्या. वॉशिंगच्या वेळी पॅलेट आपटतात, त्याचा परिणाम. पट्ट्या सरळ करून सेन्सर असा बसवला की सगळ्या अडीच ते तीनमध्ये याव्यात. त्या दिवशी जास्तीच्या मोजणीचा मोठा भाग गेला, पण सगळा नाही.

मग सेन्सरपाशी व्होल्टेज. डीसी १९ व्होल्ट, एसी रेंजवर १.४. साडेतीनने गुणलं तर ४.९ व्होल्टचा रिपल. दरी १९ वजा २.४५, म्हणजे साडेसोळा, आणि सेन्सरमधले दोन गेल्यावर इनपुटला साडेचौदा. पॅनेलमध्ये जुना ट्रान्सफॉर्मर आणि ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. वर्षभरापूर्वी स्टॉपरचे व्हॉल्व्ह वाढवले होते, तेही त्याच सप्लायवर. क्लॅम्प मीटरने लोड अडीच अँपिअर. सूत्र ५.३ सांगतं, मीटर ४.९. जुळलं. दुसऱ्या शिफ्टलाच त्रास का, तेही कळलं: दोन्ही बाजूंचे स्टॉपर फक्त त्याच शिफ्टला चालायचे.

शेजारच्या सेन्सरची इनपुटं मात्र ठीक होती. मोजणीचं इनपुट कोणीतरी वेगवान ठेवलं होतं, फिल्टर अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी. बाकीच्या इनपुटांवर काही मिलिसेकंदांचा फिल्टर असल्यामुळे त्या दऱ्या गिळल्या जात होत्या. सेन्सर आणि इनपुटांसाठी २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा वेगळा एसएमपीएस बसवला, व्हॉल्व्ह जुन्या सप्लायवरच राहू दिले, दोन्हींच्या मायनस एकत्र केल्या. मोजणी बरोबर यायला लागली.

शील्ड सगळ्यात शेवटी तपासली. एम१२च्या नटातून दुसरं टोक अर्थ झालेलं होतं आणि शील्डमध्ये थोडा करंट होता. तो जोड तोडला, करंट शून्य झाला, मोजणीत काहीच फरक पडला नाही. तरी ते तसंच ठेवलं, कारण त्याच ट्रेजवळ पुढे ड्राइव्ह येणार होता. पण ज्या शील्डवर आठवडाभर वाद चालला होता, तिचा या फॉल्टशी संबंध नव्हता. एका वेळी एकच बदल केला म्हणूनच हे कळलं.

प्रोग्रॅममध्ये टायमर टाकून लुकलुकणं दाबलं तर?

अंतर आणि सप्लाय दुरुस्त केल्यावर टाका. आधी पट्टी किती वेळ समोर असते ते काढा. लाइनचा वेग मिनिटाला १२ मीटर असेल तर सेकंदाला २०० मि.मी., आणि ६० मि.मी.ची पट्टी ३०० मिलिसेकंद समोर राहते. त्यामुळे २० मिलिसेकंदांचा ऑन-डिले आणि ५० चा ऑफ-डिले सहज मावतो. खाली PX1 म्हणजे सेन्सरचं इनपुट, OnDly हा TON, OffDly हा TOF आणि Edge हा R_TRIG.

```
OnDly(IN := PX1, PT := T#20ms);
OffDly(IN := OnDly.Q, PT := T#50ms);
Edge(CLK := OffDly.Q);
IF Edge.Q THEN
    Count := Count + 1;
END_IF;
```

नुसता ऑन-डिले पुरत नाही. पट्टी समोर असताना सिग्नल एक क्षण गेला की त्याचं आउटपुट लगेच पडतं, आणि २० मिलिसेकंदांनी पुन्हा चढून दुसरी मोजणी करतं. म्हणून ऑफ-डिले.

आणि रिपल तसाच असताना हा टायमर टाकलात तर उलटा फॉल्ट येऊ शकतो. रिपलची दरी दर १० मिलिसेकंदांनी येते. २० मिलिसेकंदांचा ऑन-डिले प्रत्येक दरीला पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि पूर्णच होत नाही. मग जास्त मोजण्याऐवजी पॅलेट सुटायला लागतात, आणि ते ओळखायला जास्त वेळ लागतो.

केबल आतून तुटत आली असेल तर?

पट्टी अडकवून ठेवा, लाइन बंद ठेवा, आणि केबल कनेक्टरपासून एकेक वीत हलवत जा. दिवा ज्या जागी उडतो ती जागा तुटलेली आहे. कनेक्टरच्या मानेपाशी आणि क्लॅम्पच्या कडेपाशी हे जास्त होतं. एम१२चा नट हातानेच सैल निघाला तर आधी पिना पुसा, ऑइल शिरलेलं असतं.

आणि सेन्सर खरोखर कधी बदलायचा?

तोंड तडकलं असेल तर लगेच. नाहीतर टेबलावर घेऊन मोजा. चांगला २४ व्होल्ट सप्लाय, १८ बाय १८ची १ मि.मी. जाड एमएस पट्टी, आणि समोरून सावकाश जवळ आणत कुठे ऑन होतो ते व्हर्नियरने बघा. ५ मि.मी.चा चांगला सेन्सर साडेचार ते साडेपाचच्या मध्ये ऑन होतो. मग पट्टी मागे नेत कुठे ऑफ होतो ते बघा. साडेचारच्या बरंच आत आल्यावर ऑन होत असेल, किंवा ऑन आणि ऑफच्या जागांत फरकच उरला नसेल, तर तो सेन्सर बदला.